राखीच्या डब्यांची शेवटची तारीख: मावशीचे चार कानमंत्र

अगं, यंदा राखीचे गिफ्ट हॅम्पर करायचे म्हणतेस ना, मग डबे आणि रिबिनी नंतर आण. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढ आणि पेन्सिल घे. सगळा धंदा त्या एका शेवटच्या तारखेवर उभा असतो आणि ती तारीख पौर्णिमेपासून उलटी मोजत यायची असते.

तारीख उलटी मोज. २०२६ची राखीपौर्णिमा शुक्रवारी, २८ ऑगस्टला आहे. पण डबा २८ला पोचवायचा असं धरू नकोस, मंगळवारी २५ला भावाच्या हातात पडला पाहिजे असं धर. मधल्या दोन दिवसांत ईदची सुट्टी येते आणि पावसाने गाड्या रखडतात, त्याला ती सवड. आता पुण्याहून गुवाहाटीला रस्त्याने जाणाऱ्या कुरियरला कामाचे आठ दिवस धर. २५पासून मागे ये, २३चा रविवार वगळ, की पहिला दिवस येतो सोमवार, १७ ऑगस्ट. त्याआधी १५ला स्वातंत्र्यदिन आणि १६ला रविवार. म्हणजे डबा शुक्रवारी १४लाच कुरियरवाल्याकडे गेला पाहिजे, गुरुवारी भरला पाहिजे आणि ऑर्डर बुधवारी १२ला बंद झाली पाहिजे. बंगळूरला कामाचे चार दिवस धरलेस तर ऑर्डर १८ला बंद, आणि मुंबई-नाशिकला दोन दिवस धरलेस तर २०ला. सगळ्यांना एकच तारीख दिलीस तर गुवाहाटीची बहीण रडेल, नाहीतर मुंबईची ऑर्डर उगाच हातची जाईल. हे दिवस तुझ्या कुरियरवाल्याला विचारून पक्के कर. तो म्हणेल त्यात एक दिवस आपला मिळव.

तारीख फोटोवरच लिही. व्हॉट्सअॅपवर लोक फोटो पुढे ढकलतात, खालचा मजकूर मागेच राहतो. म्हणून तारखा फोटोतच आल्या पाहिजेत, वार आणि साल घालून. साल नसलं की पुढच्या श्रावणात जुनाच फोटो फिरत येतो आणि बायका गेल्या वर्षीचा भाव मागतात. मजकूर असा ठेव:

*राखी हॅम्पर २०२६. ऑर्डरची शेवटची तारीख: ईशान्य भारत – बुधवार, १२ ऑगस्ट. बंगळूर, हैदराबाद – मंगळवार, १८ ऑगस्ट. मुंबई, नाशिक – गुरुवार, २० ऑगस्ट. पैसे आणि पूर्ण पत्ता त्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत मिळाला तरच ऑर्डर पक्की.*

शेवटची ओळ गाळू नकोस. नाहीतर "मी कळवलं होतं की" म्हणणाऱ्या बायका १२लाच कळवतात आणि पत्ता १५ला पाठवतात. पत्त्यात पिनकोड आणि भावाचा स्वतःचा मोबाइल नंबर घे. बहिणीचा नंबर दिला तर कुरियरवाला गुवाहाटीत दारात उभा आणि फोन वाजतो पुण्यात. तिला सांग, आत काय आहे ते सांगू नकोस हवं तर, पण अनोळखी नंबर आला तर उचल एवढं भावाला कळव.

खाऊ अंतर बघून भर. नारळीपौर्णिमा म्हणून ओल्या नारळाच्या वड्या घालायचा मोह होतो. त्या मुंबईलासुद्धा पाठवू नकोस. बंद डब्यात दमटपणाने दोन-तीन दिवसांत आंबूस वास येतो. पेढेही तसेच. लांबच्या डब्यात चिक्की, शंकरपाळे, सुका मेवा किंवा चांगला भाजलेला बेसनाचा लाडू असा टिकणारा खाऊ घाल. चॉकलेट रस्त्यात वितळून पुन्हा घट्ट झालं की पांढरं पडतं. अत्तर आणि सेंट घालू नकोस, विमानाच्या पार्सलात ते अडवतात. डबा बंद केलास की कानाशी धरून हलव. आत खडखड झाली तर उघड आणि कागदाचे बोळे भर. खडखडणारा लाडू पोचेपर्यंत भुगा होतो. पत्त्याच्या कागदावर पारदर्शक टेप लाव, श्रावणातल्या सरीने शाई पसरते.

राखी वेगळी पाठव. लांबच्या गावाला राखी आणि अक्षता चपट्या पाकिटात घालून स्पीड पोस्टाने पाठव, खाऊ डब्यातून जाऊ दे. कुंकवाची पुडी आधी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद कर, नाहीतर राखीचा रेशमी धागा लाल होतो. डबा एखादा दिवस रेंगाळला तरी पौर्णिमेला मनगट रिकामं राहत नाही, आणि बहीण तुझ्यावर तितकी चिडत नाही.

तारीख उलटली की मात्र पैसे घेऊ नकोस, दुप्पट भाव दिला तरी. "बघते, जमवते" हे तर तोंडातूनही काढू नकोस. तिला सांग, राखी आजच स्पीड पोस्टाने टाक आणि मिठाई भावाच्या गावातल्या दुकानातून मागव. अशी बाई पुढच्या वर्षी शेवटच्या तारखेच्या आधीच फोन करते.