माकडहाडावरचं गळू आणि न बोलणारा मुलगा

आई-बाबांनो, आज एका अशा दुखण्याबद्दल बोलायचं आहे, जे तुमचा मुलगा तुम्हाला आपणहून सांगणार नाही. वयात आलेला मुलगा ताप सांगेल, पोटात दुखतंय म्हणेल; पण दोन ढुंगणांच्या मधली फट जिथे सुरू होते, तिथे माकडहाडावर दुखरी गाठ आली आहे आणि चड्डीला पू लागतोय, हे तो आईला तर नाहीच, बहुतेक वेळा वडिलांनाही सांगत नाही. मी सर्जन आहे. माझ्याकडे येणारी ही मुलं साधारण सोळा ते तिशीतली असतात, आणि त्यांतली बरीचशी दुखणं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी येतात. म्हणून सांगण्यावर अवलंबून राहू नका, खुणा बघा. मुलगा खुर्चीत एका कुशीवर कलून बसतो. बाइकवर मागे बसायला नको म्हणतो. पालथा झोपू लागतो. स्वतःचे कपडे अचानक स्वतःच धुवायला लागतो.

या आजाराला पायलोनायडल सायनस म्हणतात आणि त्यात पू साठला की पायलोनायडल गळू. घरात त्याला केसतोड म्हणून सोडून दिलं जातं, आणि घोटाळा तिथेच होतो. साधा केसतोड फुटून वाळला की संपला. इथे मात्र त्वचेखाली एक पोकळी असते आणि तिच्यात केस अडकलेले असतात. डोक्यावरून, पाठीवरून गळलेले केस घरंगळत त्या फटीत येतात. तिथे घाम असतो, आणि बसल्यावर दोन्ही बाजूंची त्वचा एकमेकींवर घासते. केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे तो एकदा त्वचेत घुसला की मागे फिरत नाही, आतच सरकतो. नीट पाहिलं तर फटीच्या बरोबर मध्यरेषेवर टाचणीच्या डोक्याएवढी एक-दोन छिद्रं दिसतात. केस तिथूनच आत जातात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातले सुमारे 80,000 जवान या दुखण्याने रुग्णालयात दाखल झाले होते. खडबडीत रस्त्यांवर तासन्‌तास जीपमध्ये आदळत बसणाऱ्यांत ते इतकं दिसलं, की त्याला ‘जीपचा आजार’ असंच नाव पडलं. आज जीपची जागा अभ्यासिकेतल्या खुर्चीने आणि लॅपटॉपने घेतली आहे. दाट केस, वाढलेलं वजन आणि कुटुंबात आधी कुणाला झालेलं असणं यांनीही धोका वाढतो. हा अस्वच्छतेचा आजार नाही आणि गुप्तरोग तर अजिबात नाही. मुलाच्या मनात बहुधा हीच भीती असते, म्हणून त्याला हे वाक्य आधी सांगा.

एका मुलाची हकीकत सांगते. वय बावीस, स्पर्धा परीक्षेची तयारी, दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत. माकडहाडावर दुखायला लागलं तेव्हा त्याने मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चार दिवसांनी गळू आपोआप फुटलं, पू गेला, ठणका थांबला. बरं झालं असं त्याला वाटलं. तीन महिन्यांनी तिथेच पुन्हा सूज आली. पुन्हा गोळ्या, पुन्हा थोडा आराम. मग रोज थोडा थोडा वास येणारा स्राव सुरू झाला आणि तो टिश्यू पेपर घडी करून ठेवू लागला. तिसऱ्या वेळी ताप भरला, बसता येईना, तेव्हा घरी कळलं. वडील घेऊन आले त्या दिवशी सूज लिंबाएवढी होती, लाल आणि गरम. फट जराशी उघडून पाहिली तर मध्यरेषेवर दोन छिद्रं स्पष्ट दिसत होती.

साठलेल्या पुवावर गोळी चालत नाही. अँटिबायोटिक रक्तातून जातं, आणि पुवाच्या पोकळीत रक्तच पोहोचत नाही. तिथे चीर देऊन पू बाहेर काढणं हाच उपाय असतो. त्या मुलाला भूल देऊन मध्यरेषेच्या जरा बाजूला चीर दिली, पू काढला आणि आतला केसांचा पुंजकाही काढला. पंधरा-वीस मिनिटांचं काम. टाके घातले नाहीत, कारण वरून शिवलं तर आत पुन्हा पू साठतो. जखम तळापासून भरत वर यायला हवी. लाली आजूबाजूला पसरली असेल, ताप असेल किंवा मुलाला मधुमेह असेल, तर अँटिबायोटिक जोडीला दिलं जातं. या मुलाला ताप होता, म्हणून दिलं. त्याची रक्तातली साखरही तपासून घेतली. ठणका त्याच रात्री गेला.

पुढचं काम घरचं होतं. रोज अंघोळीत जखमेवरून साधं पाणी सोडायचं, टिपून कोरडं करायचं आणि ड्रेसिंग बदलायचं. ती जागा स्वतःला दिसत नाही, म्हणून दुसरं माणूस लागतंच. आईसमोर संकोच वाटत असेल तर वडिलांनी किंवा भावाने करावं. जखमेच्या कडेचे केस आठवड्याला काढावे लागतात. एक केस आत गेला तरी भरत आलेली जखम अडून बसते. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने बरं वाटतं, पण त्याने पू निघत नाही की केसही निघत नाहीत. हळद, पोटीस, मलम आतवर पोहोचत नाही. आणि गळू कुणीही दाबून फोडू नये.

पू काढल्यावर साधारण निम्म्या मुलांना पुन्हा त्रास होत नाही. त्यांना लगेच मोठी शस्त्रक्रिया करायची गरज नसते. उरलेल्यांना स्राव चालू राहतो किंवा गळू परत येतं. हा मुलगा त्यांतला निघाला. सूज पूर्ण उतरू दिली आणि मग शस्त्रक्रिया ठरवली. इथे तुम्ही सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: “टाके मध्यरेषेवर येणार की बाजूला?” फटीच्या तळाशी, मधोमध घातलेले टाके उशिरा भरतात आणि आजार उलटण्याचं प्रमाणही त्यांत जास्त असतं. म्हणून रोगट भाग काढून बाजूची त्वचा सरकवतात, फट उथळ करतात आणि टाके बाजूला आणतात. जखम उघडी ठेवण्याचीही पद्धत आहे, पण ती भरायला दोन-तीन महिनेसुद्धा लागू शकतात. आजार थोडाच असेल तर दुर्बिणीने किंवा छिद्रं तेवढी काढून भागतं. त्यात दुखणं कमी, मात्र आजार उलटण्याची शक्यता राहते. नंतर लेसरने तिथले केस कमी केले तर फायदा होतो. या मुलाचे टाके बाजूला घेतले, पंधरा दिवस ताठ बसू दिलं नाही, आणि तो परीक्षेला बसला.

एक फरक लक्षात ठेवा. गळू गुदद्वाराच्या अगदी कडेला असेल तर तो भगंदर असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे. हे दुखणं गुदद्वारापासून चार-पाच सेंटिमीटर वर असतं. दोन्हींची तपासणी जनरल सर्जनकडेच करा. नुसती पाटी वाचून ‘बिना ऑपरेशन भगंदर’वाल्याकडे जाऊ नका. ताप, थंडी किंवा झपाट्याने पसरणारी लाली असेल, किंवा मुलाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी जा. आणि मुलगा एका कुशीवर बसताना दिसला तर चारचौघांत न विचारता वडिलांनी त्याला एकट्याला गाठून सरळ विचारावं: “माकडहाडापाशी दुखतंय का? दाखव मला.”