पॉलिसीचं नाव नको, डिडक्टिबलचं वाक्य वाच

दादा-वहिनींसाठी वरची पॉलिसी घ्यायचं तू मनावर घेतलंस, हे बरं केलंस. दोघांची साठी उलटली आहे, घरात पाच लाखांची एकच मूळ पॉलिसी आहे, आणि मोठं आजारपण आलं तर ती पुरणार नाही. पण एजंटाने तुला जे दोन कागद पाठवलेत, त्या दोन्हींवर ‘वीस लाखांचं कव्हर, पाच लाखांचं डिडक्टिबल’ हेच ठळक छापलंय. एकाचा हप्ता कमी, दुसऱ्याचा जास्त. कमीचा घेऊन टाकू, असं म्हणतोस. अरे, थोडं थांब. मी नोकरीभर क्लेमच्या फायली तपासल्या. हप्त्यातला हा फरक कुठून येतो ते आधी समजून घे.

डिडक्टिबल म्हणजे जी रक्कम ही पॉलिसी देणार नाही ती. तेवढा खर्च मूळ पॉलिसीने उचलला काय किंवा तुम्ही खिशातून भरला काय, वरच्या पॉलिसीला फरक पडत नाही. तिचं काम त्यापुढे सुरू होतं. खरा प्रश्न असा, की हे पाच लाख वर्षातून एकदाच वजा होणार, की माणूस जितक्यांदा अ‍ॅडमिट होईल तितक्यांदा? विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, डिडक्टिबलची व्याख्या ठरवून दिली आहे. पण ते वर्षाला लागू करायचं, माणशी करायचं की दर प्रसंगी, हे कंपनीने आपल्या पॉलिसीत लिहायचं असतं. साध्या टॉप-अपमध्ये ते सहसा दर क्लेमला लागतं, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या एकूण खर्चाला.

आता दादाचंच उदाहरण धरू, देव करो आणि तशी वेळ न येवो. पॉलिसीचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. जूनमध्ये छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, बिल 3,80,000 रुपये. जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बिल 4,20,000 रुपये. दोन्ही बिलांची बेरीज आठ लाख.

ही बेरीज जशीच्या तशी धरता येत नाही. हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबत राहणाऱ्याचं जेवण असल्या गोष्टी बऱ्याच पॉलिसींत ‘देय नाहीत’ या यादीत असतात. जूनच्या बिलात अशा 18,000 आणि जानेवारीच्या बिलात 20,000 च्या निघाल्या असं समज. मग मंजूर होण्याजोगा खर्च पहिल्यांदा 3,62,000 आणि दुसऱ्यांदा 4,00,000, एकूण 7,62,000.

मूळ पॉलिसी जूनमध्ये 3,62,000 देईल. तिच्यात उरतील 1,38,000, ते जानेवारीत संपतील. खुब्याच्या ऑपरेशनचे 2,62,000 तरीही बाकी राहिले. आता वरची पॉलिसी सुपर टॉप-अप असेल, तर ती 7,62,000 मधून पाच लाख एकदाच वजा करेल आणि हे 2,62,000 पूर्ण देईल. घरातून जातील फक्त देय नसलेले 38,000. वरची पॉलिसी साधी टॉप-अप असेल, तर ती आधी जूनचा क्लेम पाहील, तो पाच लाखांच्या आत; मग जानेवारीचा पाहील, तोही आत. दोन्ही वेळा उत्तर शून्य, आणि तुझ्या खिशाला तीन लाखांचा खड्डा. पाच लाखांचा उंबरठा प्रत्येक क्लेमने एकट्याने ओलांडायला हवा, हीच ती स्वस्त पॉलिसीची अट.

एकच मोठं आजारपण आलं, एकाच वेळी मंजूर खर्च साडेसहा लाखांवर गेला, तर दोन्ही पॉलिसी सारखेच दीड लाख देतात. म्हणूनच एजंट एका क्लेमचं उदाहरण देतो तेव्हा फरक दिसत नाही. त्याला मुद्दाम दोन अ‍ॅडमिशनचा हिशोब मांडायला सांग. त्याच आजारासाठी 45 दिवसांच्या आत पुन्हा भरती व्हावं लागलं, तर पॉलिसीच्या भाषेत ते ‘एकच आजारपण’ धरलं जातं, आणि काही टॉप-अपमध्ये तेवढ्यापुरते दोन्ही खर्च एकत्र होतात. पण हृदय आणि खुबा एकत्र होणार नाहीत.

सुपर टॉप-अप घेऊनही माणसं जिथे फसतात ती जागा वेगळीच आहे, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. ‘वर्ष’ म्हणजे त्या सुपर टॉप-अपचं स्वतःचं वर्ष. मूळ पॉलिसी एप्रिलपासून आणि सुपर टॉप-अप 10 ऑक्टोबरपासून सुरू असली, तर वरच्या उदाहरणातली जूनची अँजिओप्लास्टी तिच्या मागच्या वर्षात गेली. ऑक्टोबरला मोजणी पुन्हा शून्यापासून. जानेवारीचे 4,00,000 एकटे पाच लाखांना पोचत नाहीत, आणि तेच 2,62,000 तुझ्यावर येतात. म्हणून दोन्हींची तारीख एकच ठेव. मूळ पॉलिसीच्या नूतनीकरणाला फार दिवस नसतील, तर नवी पॉलिसी त्याच दिवसापासून सुरू करून घे.

मोजणीत काय धरायचं हे सुपर टॉप-अपच्या अटींवर ठरतं, मूळ पॉलिसीने काय दिलं यावर नाही. तिच्यात जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ वेगळा चालू असतो. दादाचा हृदयविकार आधीपासूनचा ठरला आणि तो काळ संपलेला नसला, तर मूळ पॉलिसीने जूनचे पैसे दिले तरी सुपर टॉप-अप तो खर्च सहसा मोजणीत धरणार नाही. दादाची बीपीची गोळी, वहिनींचं थायरॉइड, सगळं फॉर्मवर लिही. काही लपवू नकोस.

कागदांचं काम पहिल्याच भरतीला करायचं असतं. क्लेम पाच लाखांच्या आत आहे हे दिसत असलं तरी सुपर टॉप-अपवाल्या कंपनीला तेव्हाच कळव आणि नोंदीचा क्रमांक घे. मूळ कागद पहिल्या कंपनीकडे जातात, त्यामुळे डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल आणि पावत्यांच्या हॉस्पिटलच्या शिक्क्यानिशी प्रती तिथेच काढून घे. पुढे पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर येईल, किती मंजूर आणि किती कापलं हे सांगणारं. जानेवारीत मोजणी सिद्ध करायला हेच पत्र लागेल, आणि सहा महिन्यांनी ते घरात सापडत नाही असं मी पुष्कळदा पाहिलंय. दोन कंपन्या वेगळ्या असतील तर डिस्चार्जच्या दिवशी वरची रक्कम बहुधा आधी भरून मग परत मागावी लागते. तेवढे पैसे हाताशी ठेव.

पॉलिसी हातात आली की पुढची रंगीत पानं सोड आणि ग्राहक माहिती पत्रक काढ. त्यात डिडक्टिबलचा रकाना असतो. ‘पॉलिसी वर्षातील एकूण’ अशा अर्थाचे शब्द हवेत. ‘प्रत्येक क्लेम’ किंवा ‘प्रत्येक भरती’ असं दिसलं, तर वरती नाव सुपर असलं तरी ती तुझ्या कामाची नाही. वहिनींनाही त्यात एकत्र घेतलं असेल, तर दोघांचा खर्च मिळून पाच लाख मोजणार की प्रत्येकाचा वेगळा, तेही तिथेच बघ. शब्द मोघम वाटले तर कंपनीला ईमेल करून वरचा दोन भरतींचा हिशोब लिही आणि जानेवारीत किती द्याल असं आकड्यात विचार. फोनवरचं उत्तर धरू नकोस. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, तेव्हा हे पत्र पहिल्याच आठवड्यात धाड.