निलंबनाचे पत्र कसे वाचावे?

तहसील कचेरीतला एक शिपाई. कागदपत्रांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असे. एक दिवस फेरफाराची एक जुनी वही सापडेना. चार दिवसांनी शिपायाच्या हातात एक पत्र पडले. त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि घरी येऊन सांगितले, "माझी नोकरी गेली." घरात रडारड झाली. "चोरी केली म्हणून काढला," असे गावातले लोक बोलू लागले.

खरे म्हणजे नोकरी गेली नव्हती. चोरी ठरलीही नव्हती. पत्र पुरते वाचले गेले नव्हते, एवढेच. आपण ते पुरते वाचू या. सरकारी पत्रात असा मजकूर असतो:

"ज्याअर्थी, आपल्या ताब्यातील फेरफार नोंदवही गहाळ झाल्याप्रकरणी आपणाविरुद्ध विभागीय चौकशी करण्याचे योजिले आहे, त्याअर्थी, आपणास या आदेशाच्या दिनांकापासून निलंबित करण्यात येत आहे. हे निलंबन ही शिक्षा नाही. निलंबन काळात आपणास नियमाप्रमाणे निर्वाह भत्ता मिळेल. आपले मुख्यालय तहसील कार्यालय हे राहील. परवानगीवाचून मुख्यालय सोडू नये. या काळात दुसरी नोकरी किंवा धंदा करू नये."

आता एकेक गोष्ट घेऊ.

निलंबन म्हणजे काही काळ कामापासून दूर ठेवणे. नोकरी कायम असते, पण काम करायचे नसते. असे का करतात? वही ज्या खोलीतून गेली, तिची किल्ली शिपायाकडे. साक्षी देणारे त्याच्याच कचेरीतले. तो तिथेच कामावर राहिला, तर कागदांना हात लागेल, साक्षीदार दबतील, अशी शंका राहते. तो निर्दोष असला, तर उद्या कोणी "यानेच कागद बदलले" असे म्हणू नये, म्हणूनही हे बरे.

महाराष्ट्र सरकारच्या नोकरांसाठी १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत. त्यांत शिक्षांची यादी दिली आहे. ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे, नुकसान भरून घेणे, खालच्या पदावर आणणे, बडतर्फ करणे अशा शिक्षा तिच्यात आहेत. निलंबन त्या यादीत नाही. त्याचा नियम वेगळा आहे. म्हणून पत्रात "ही शिक्षा नाही" असे लिहितात, ते निव्वळ समजूत घालण्यासाठी नव्हे. मोठी शिक्षा द्यायची झाली, तर आधी दोषारोपपत्र द्यावे लागते. त्यात आरोप लिहिलेले असतात. मग नोकराचे म्हणणे ऐकावे लागते, चौकशी करावी लागते. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे.

आता पोटाचा प्रश्न. निलंबनात पगार मिळत नाही, निर्वाह भत्ता मिळतो. निर्वाह म्हणजे गुजराण. १९८१ च्या सेवा नियमांतला नियम ६८ असे सांगतो: अर्धपगारी रजेवर गेला असता तर जितके मिळाले असते, तितके द्यावे. त्या अर्ध्या पगारावर बसेल तेवढा महागाई भत्ताही द्यावा.

हिशेब करून पाहू. समजा, शिपायाचा मूळ पगार २४,००० रुपये आहे. महागाई भत्ता मूळ पगाराच्या निम्मा, म्हणजे १२,००० रुपये धरू. दोन्ही मिळून ३६,००० रुपये झाले. निलंबनात मूळ पगाराचे निम्मे, म्हणजे १२,००० रुपये धरले जातील. त्यावर महागाई भत्ता ६,००० रुपये. एकूण १८,००० रुपये मिळतील. घरभाड्याचा भत्ता वेगळा असतो. त्याच्या अटी पुऱ्या होत असतील, तर तोही मिळतो.

पहिल्या तीन महिन्यांनंतर हा आकडा बदलू शकतो. चौकशी लांबली आणि त्यात नोकराचा दोष नसला, तर साहेब निर्वाह भत्ता त्याच्या निम्म्याइतका वाढवू शकतात. मग १२,००० चे १८,००० होतात. त्यावर महागाई भत्ता ९,००० येतो. एकूण २७,००० रुपये होतात. पण नोकरानेच तारखा चुकवल्या, चौकशी रखडवली, तर भत्ता कमीही करता येतो. वाढ पुष्कळदा आपोआप होत नाही. तीन महिने भरताच साधा अर्ज द्यावा: "चौकशी माझ्यामुळे लांबलेली नाही. माझा निर्वाह भत्ता वाढवून मिळावा."

आमच्या पाहण्यात एका गोष्टीत लोक फार फसतात. भत्त्यासाठी नोकराने एक दाखला लिहून द्यावा लागतो: "या काळात मी दुसरी नोकरी, धंदा किंवा व्यवसाय केलेला नाही." दाखला नाही, तर भत्ता नाही. मग लोक म्हणतात, "सरकारने पैसे अडवले." तो दर महिन्याला द्यावा, आणि आपल्या प्रतीवर कचेरीची पोच घ्यावी. मेव्हण्याच्या दुकानात पगारावर बसायचे आणि दाखल्यावर सही करायची, असे मात्र करू नये. तो नवा गुन्हा होतो.

आता दुसरी बाजू. दाखला दिला, तरी भत्ता आला नाही, तर? मध्य प्रदेशातल्या एका वन खात्याच्या रेंजरचे असेच झाले. तो राहायचा रीवा इथे आणि चौकशी होती जगदलपूरला, सुमारे ५०० किलोमीटर दूर. "भत्ता नाही, हातात पैसा नाही, कसा येऊ?" असे त्याने लेखी कळवले. तरी त्याच्यामागे साक्षी घेतल्या गेल्या आणि तो बडतर्फ झाला. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. भत्ता दिला नाही, म्हणून त्याला आपली बाजू मांडता आली नाही, असे न्यायालयाने धरले. रेंजरने गप्प न बसता लेखी कळवले होते, हे ध्यानात घ्या. आपणही भत्ता थांबला, तर लगेच लेखी मागावा. तारीख मात्र आपल्या मर्जीने चुकवू नये.

आपल्या शिपायाकडे परत येऊ. समजा, आठ महिने चौकशी चालली. वही दुसऱ्या कचेरीत नेलेली निघाली. शिपाई पूर्ण निर्दोष ठरला. मग तो कामावर परत येतो, आणि तो काळ कामावर असल्यासारखाच धरून पुरा पगार द्यावा लागतो. आठ महिन्यांचे ३६,००० प्रमाणे २,८८,००० रुपये होतात. पहिल्या तीन महिन्यांत त्याला ५४,००० मिळाले. पुढच्या पाच महिन्यांत, भत्ता वाढला असेल तर, १,३५,००० मिळाले. दोन्ही मिळून १,८९,००० झाले. बाकी ९९,००० रुपये त्याला मिळायला हवेत. तो काही अंशीच सुटला, तर पगार किती द्यायचा हे साहेब ठरवतात. पण त्याआधी त्याला नोटीस देऊन म्हणणे विचारावे लागते.

हे नियम राज्य सरकारच्या नोकरांचे आहेत. कारखान्यातल्या कामगाराचे नियम वेगळे असतात. तिथेही निलंबनात निर्वाह भत्ता असतोच. त्याचा दर कारखान्याच्या स्थायी आदेशांत पाहावा.

असे पत्र घरी आले, तर घेण्याचे नाकारू नका. सही करा आणि सहीखाली मिळाल्याची तारीख घाला. तीन महिने त्याच पत्रावरून मोजायचे असतात.

वाचा आणि सांगा:
१. निलंबन शिक्षा का नाही?
२. दर महिन्याला कोणता दाखला द्यायचा?
३. मूळ पगार ३०,००० आणि महागाई भत्ता १५,००० असेल, तर पहिल्या महिन्याचा निर्वाह भत्ता, त्यावरील महागाई भत्ता धरून, किती?