धनुर्वात आणि बोट्युलिझम : विष एकाच जातीचे, परिणाम उलटे

तूर सोंगली, पऱ्हाटी उपटली की आपल्या अकोला-अमरावतीकडे पायात धसकट घुसण्याचे दिवस येतात. अशा वेळी घरातले कोणीतरी म्हणतेच, "लोखंड गंजलेले नव्हते ना, मग इंजेक्शन कशाला?" हा समज चुकीचा आहे. धनुर्वाताचा जंतू गंजात नाही, मातीत आणि शेणात असतो. त्याची बीजाणू नावाची टणक कवचातली अवस्था वर्षानुवर्षे टिकते. त्याला वाढायला हवा नसलेली जागा लागते, म्हणून धसकटाची किंवा बाभळीच्या काट्याची अरुंद, खोल जखम त्याला सोयीची पडते. जंतू जखमेतच राहतो. शरीरभर जाते ते त्याचे विष.

याच घराण्यातला दुसरा जंतू बोट्युलिझमचा. तोही मातीतलाच, हवेला भिणारा. त्याचे विष बहुधा अन्नातून पोटात जाते. धनुर्वाताचा रोगी लाकडासारखा ताठ होतो, बोट्युलिझमचा रोगी लुळा पडतो. गंमत अशी, की दोन्ही विषे पेशीत शिरून एकच काम करतात.

हात हलवायचा हुकूम मेंदूकडून मज्जारज्जूत येतो आणि तिथून चेतातंतूने स्नायूपर्यंत पोहोचतो. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये एक फट असते. ती केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद असते. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. तंतूच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या अगदी बारीक पिशव्या तयार असतात. हुकूम आला की पिशवी कडेला चिकटून फुटते, रसायन फटीत सांडते आणि पलीकडचा स्नायू आकसतो. स्नायूला आकसवणाऱ्या या रसायनाचे नाव अॅसिटिलकोलीन. पिशवी कडेला बांधून ओढण्यासाठी काही प्रथिने दोरीसारखी काम करतात. त्यातल्या एकाचे नाव सिनॅप्टोब्रेव्हिन. ही दोन्ही विषे म्हणजे कात्र्या आहेत आणि त्या या दोऱ्या कापतात. दोरी कापली की पिशवी भरलेली राहते, पण फुटत नाही.

बोट्युलिझमच्या विषाचे अनेक प्रकार आहेत आणि काही प्रकार शेजारची दुसरी दोरी कापतात. पण इटलीतल्या पादुआच्या शास्त्रज्ञांनी 1992 मध्ये दाखवले, की त्याचा 'बी' प्रकार आणि धनुर्वाताचे विष सिनॅप्टोब्रेव्हिनला अगदी एकाच ठिकाणी कापतात. मग एक ताठ आणि एक लुळा, हे कसे?

त्यासाठी बैलगाडी आठवा. बैलाला पुढे काढायला पराणी आणि आवरायला कासरा. शरीरातही हुकूम देणाऱ्या पेशींबरोबर त्यांना आवरणाऱ्या पेशी मज्जारज्जूत असतात. कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आकसतो, तेव्हा मागच्याला "तू ढिला राहा" असे सांगावे लागते. हे सांगणे ग्लायसिन आणि गाबा या रसायनांनी होते आणि त्यांच्याही पिशव्या त्याच दोऱ्यांवर चालतात.

बोट्युलिझमचे विष स्नायूजवळच्या टोकात शिरते आणि तिथेच थांबून कापते. पराणी बैलापर्यंत पोहोचतच नाही आणि गाडी जागेवर थांबते. धनुर्वाताचे विषही त्याच टोकातून आत शिरते, पण तिथे थांबत नाही. तंतूच्या आतून उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढते, तिथली फट ओलांडून आवरणाऱ्या पेशीत जाते आणि तिची दोरी कापते. म्हणजे कासरा तुटतो. मग पुढचा आणि मागचा दोन्ही स्नायू एकदम आकसतात. पाठीचे स्नायू जास्त बळकट असल्याने शरीर मागे धनुष्यासारखे वाकते. धनुर्वात हे नाव त्यावरूनच पडले.

जखम पायाला असताना आधी जबडा का धरतो, याचेही उत्तर इथेच आहे. विष रक्तातून सगळ्या स्नायूंकडे जाते आणि मग जो तो तंतू ते वर नेतो. जबड्याचा तंतू आखूड असल्याने तिथला प्रवास आधी संपतो. जंतू वाढायला आणि विष वर चढायला वेळ लागतो, म्हणून जखमेनंतर साधारण 3 ते 21 दिवसांनी, बहुधा आठवडाभराने, लक्षणे दिसतात.

हा अवधी एका मोठ्या वादात महत्त्वाचा ठरला. मुंबईच्या परळमध्ये वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस बनत असे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी 107 जणांना ती टोचली. त्यातल्या '53-एन' या एकाच बाटलीतून लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन निलंबित झाले. पुढे चौकशीतले कागद नीट वाचल्यावर कळले, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. बाटली उघडली तेव्हा तिला घाणही येत नव्हती. आत आधीपासून जंतू माजले असते आणि विष तयार असते, तर घाण आली असती आणि रोगीही लवकर आजारी पडले असते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला 1925 मध्ये त्यांचेच नाव दिले गेले.

बोट्युलिझममध्ये विष अन्नात तयारच असते, म्हणून बहुधा 12 ते 36 तासांतच त्रास सुरू होतो. आपल्या शेजारच्या गुजरातेत 1996 च्या सप्टेंबरात एका निवासी शाळेतले 34 विद्यार्थी आजारी पडले. बेसनाच्या शेवेत अशाच विषाचा जंतू सापडला आणि संशय तिच्यावर आला.

रोगी ओळखायचा कसा? बोट्युलिझममध्ये पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि मग लुळेपणा वरून खाली उतरतो. धनुर्वातात तोंड उघडत नाही, ओठ ताणून हसल्यासारखा चेहरा होतो, पोट फळीसारखे कडक लागते. दार आपटले किंवा अंगावर प्रकाश पडला तरी झटका येतो, कारण आवरणारेच कोणी उरलेले नसते. शुद्ध मात्र दोन्हींत बहुधा शाबूत असते. आवाजाने दचकून वाकणारे माणूस पाहून "बाहेरचे लागले" म्हणणारे आणि भगताकडे नेणारे अजून आहेत. त्यात गेलेला एकेक तास महागात पडतो. विषावरचा उतारा रक्तात फिरणाऱ्या विषालाच पकडतो, पेशीत शिरलेल्याला नाही. तंतूंची टोके आणि दोऱ्या पुन्हा घडायला आठवडे किंवा महिने लागतात आणि तोवर श्वास यंत्रावर चालवावा लागू शकतो. म्हणून अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार असे मोठे रुग्णालय थेट गाठावे.

दोन गोष्टी घरातल्या. बाळाला एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, घुटीतही घालू नये. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र वाढून तिथेच विष बनवतात. शी होईनाशी होणे, रडणे क्षीण होणे, दूध ओढता न येणे आणि मान टाकणे ही त्याची चिन्हे.

दुसरी गोष्ट पुरुषांची. धनुर्वात होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. रोग घडवायला विष इतके थोडे पुरते, की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. ओळख लसच करून देते. बायांना गरोदरपणी 'टीडी' मिळते, जुन्या टीटीची जागा आता तिने घेतली आहे. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते. त्यानंतर शेतात, गोठ्यात, बांधकामावर राबणाऱ्या पुरुषाला बहुधा कोणी विचारत नाही. जखम झाली की साबण-पाण्याने धुवा, शेण, माती किंवा राख लावू नका. पूर्वी तीन मात्रा झाल्या असतील, तर माती-शेणाच्या किंवा खोल जखमेसाठी शेवटच्या मात्रेला पाच वर्षे आणि स्वच्छ, लहान जखमेसाठी दहा वर्षे उलटली असल्यास पुन्हा घ्यावी. मात्रा झाल्यात की नाही हेच माहीत नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगा. कारण घाण जखमेत लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी टोचावी लागतात.