५०,००० एमएएचची पॉवर बँक ६९९ रुपयांत?

प्रश्न : ऑनलाइन ५०,००० एमएएचची पॉवर बँक ६९९ रुपयांना दिसते. वजन २५० ग्रॅम, आकार मोबाइलएवढा. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. तुम्ही दिलेलं वजनच दावा खोटा ठरवतं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तो १८६५० नावाचा गोल सेल पाहा. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५, वजन साधारण ४७ ग्रॅम, आणि त्यातल्या उत्तम सेलची क्षमता सुमारे ३,५०० एमएएच. ५०,०००साठी असे १५ सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन ७०० ग्रॅम. मोबाइलएवढ्या डबीत ते मावणारही नाहीत. चपटे पाउच सेल थोडे हलके असतात, पण तिपटीने नव्हे. किमतीचंही तेच : ६९९ भागिले १५, सेलमागे ४७ रुपयेसुद्धा नाहीत! एवढ्यात चांगला सेल येत नाही.

प्रामाणिक १०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण २०० ग्रॅम भरते. तुमची फार तर तेवढीच असेल. मात्र जड म्हणजे खरी असंही समजू नका, काही जण आत वाळू किंवा लोखंड भरतात. आणखी एक : १०,०००च्या खऱ्या पॉवर बँकेतूनही ५ व्होल्टवर ६,०००च्या आसपासच मिळतात. ती फसवणूक नाही. सेलचा व्होल्टेज ३.७ असतो, तो वाढवताना आकडा घटतो. प्रामाणिक कंपनी हा ‘रेटेड कपॅसिटी’चा आकडाही छापते.