वहीत एक्कावन्न हजार, फडताळावर शेहेचाळीस

प्रश्न : सिडनीच्या हॅरिस पार्क भागात आमचं छोटं किराणा दुकान आहे. ३० जूनला मालमोजणी केली. बिलिंगच्या संगणकात ५१,००० डॉलरचा साठा दिसत होता, प्रत्यक्षात ४६,००० डॉलरचाच निघाला. एक स्नेही म्हणतात, ऑस्ट्रेलियात ५,००० डॉलरपर्यंतचा फरक माफ असतो, सोडून द्या. खरं का? आणि सांगलीला आमचे काका वर्षाअखेरीला नुसता माल मोजून नफा काढतात, त्यांना असा फरक कधीच येत नाही. ते कसं काय?

उत्तर : काकांपासून सुरुवात करू. त्यांना फरक येत नाही, कारण फरक दाखवायला त्यांच्याकडे दुसरा आकडाच नसतो. वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात वर्षभराची खरेदी, त्यातून अखेरचा मोजलेला साठा वजा, उरला तो विकलेल्या मालाचा खर्च. ही पिरिऑडिक पद्धत. कोथिंबीर सडली, तूप कुणी पिशवीत घालून नेलं, मोजणाऱ्याने एक खोकं गाळलं, सगळं त्या एका रकमेत ‘विकलं गेलं’ म्हणून जमा होतं. चोरी काकांच्याही दुकानात होत असेल, तिला फक्त वेगळी ओळ मिळत नाही.

तुमचा संगणक प्रत्येक बिलागणिक साठा कमी करतो, म्हणजे तुमची पर्पेच्युअल पद्धत. तुमचेच आकडे घ्या. सुरुवातीचा साठा ४०,०००, खरेदी २,६०,०००, बिलांनुसार विकलेल्या मालाची किंमत २,४५,५००, आणि खराब म्हणून तुम्ही वेळच्या वेळी नोंदवलेला माल ३,५००. राहिले ५१,०००. मोजले ४६,०००. काकांच्या रीतीने मांडलं तर खर्च २,५४,००० येतो. तुमच्या रीतीने २,४५,५००, ३,५०० आणि ५,००० मिळवा, तेच २,५४,०००. नफा दोन्हीकडे एकच. तुम्हाला अधिक कळतं ते इतकंच की यातले साडेआठ हजार गिऱ्हाइकाच्या हातून गेलेले नाहीत.

आता स्नेह्यांचा ५,०००चा आकडा. नियम खरा आहे, पण तो या फरकाचा नाही. वार्षिक उलाढाल पाच कोटी डॉलरपेक्षा कमी असलेल्या व्यवसायाला कर खात्याची सवलत अशी : वर्षारंभीचा साठा आणि वर्षाअखेरच्या साठ्याचा वाजवी अंदाज यांत ५,००० डॉलर किंवा त्याहून कमी फरक असेल, तर करापुरती मोजणी न करता साठा बदललाच नाही असं धरता येतं. अंदाज कसा काढला, याचा कागद मात्र जपावा लागतो. तुमचा साठा ४०,०००वरून ४६,०००वर गेला, म्हणजे फरक सहा हजारांचा. तुम्ही त्या सवलतीत बसतच नाही. संगणक आणि फडताळ यांच्यातल्या तफावतीशी तर त्या नियमाचा काही संबंधच नाही.

मग पाच हजारांचं काय करायचं? घाईने तूट म्हणून खर्ची टाकू नका. आधी कागद तपासा. तुम्ही सोबत पाठवलेल्या यादीत दोन गोष्टी डोळ्यांत भरतात.

पहिली, न्हावा शेवाहून निघालेली ३,००० डॉलरची मसाल्यांची खेप. बीजक जूनमध्ये नोंदलंत, संगणकाने साठा वाढवला, आणि माल ३० जूनला समुद्रावर होता. तुमच्या पत्रानुसार जहाजावर चढल्यापासून जोखीम तुमची, आणि बिल ऑफ लेडिंगही तुमच्या हाती आलेलं. तो माल फडताळावर नसला तरी तुमचाच. ऑल स्टेट्स फ्रोझन फूड्स या कंपनीच्या खटल्यात फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने १९९०मध्ये हाच प्रश्न सोडवला : वाटेत असलेला आयात मालही खरेदीदाराच्या ‘हातातला साठा’ ठरू शकतो, कारण त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार त्याच्याकडे आलेला असतो. म्हणून मोजणीत ३,००० मिळवा, साठा ४९,००० होईल. हे विसरलात तर यंदाचा नफा तीन हजारांनी कमी दिसेल आणि पुढच्या वर्षी तेवढाच फुगेल. ही चूक काकांच्या पद्धतीतही तशीच होते, फक्त तिथे शंका यायला जागा नसते. (उलट, माल हाती येईपर्यंत पुरवठादाराचाच, असा करार असता, तर खरेदीची नोंदच मागे घ्यावी लागली असती.)

दुसरी गोष्ट, घरी नेलेला ६०० डॉलरचा तांदूळ, तूप, डाळी. ही तूट नव्हे, मालकाची उचल. उचल खाती नावे, साठा खाती जमा. करासाठी घरी वापरलेला माल खरेदीच्या किमतीला विकल्यासारखा धरतात. नोंदी ठेवायच्या नसतील तर किराणा, बेकरी, भाजीची दुकानं अशा काही धंद्यांसाठी कर खातं दरवर्षी माणशी ठरावीक रकमा जाहीर करतं, त्या वापरता येतात.

पाच हजारांतून तीन हजार आणि सहाशे गेले. उरले १,४००. हीच खरी, कारण न सापडलेली तूट. ती ‘मालतूट’ असं वेगळं खातं काढून नावे टाका आणि साठा तितकाच जमा करा, म्हणजे संगणक आणि फडताळ ४९,०००वर जुळतील. कित्येक जण ही रक्कम विक्रीखर्चात मिसळतात. चूक नाही, पण मग पैसे मोजून घेतलेल्या संगणकातून काकांइतकंच कळणार.

एक सावधगिरी. या १,४००च्या आत मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. गल्ल्यावर पावभाजी मसाला आणि छोले मसाला एकाच भावाचे असतील, तर घाईत एकच पाकीट स्कॅन करून चार आकडा दाबला जातो. एकाची तूट, दुसऱ्याची वाढ, बेरीज शून्य. बारा पाकिटांचं खोकं ‘१ नग’ म्हणून आत घेतलं असेल, तर अकरा पाकिटं आकाशातून पडल्यासारखी जास्त निघतात. म्हणून फरक एकूण रकमेत न पाहता वस्तुवार पाहा. माल जास्त निघाला तर खूश होऊ नका. बहुधा एखादं बीजक नोंदायचं राहिलेलं असतं, आणि पुरवठादार ते विसरत नाही.

खराबीच्या ३,५००बद्दल. तुमच्या नोंदीप्रमाणे २,१०० रोजच्या भाजीचे आणि पनीरचे, १,४०० जानेवारीत फ्रीज बंद पडला त्या दिवसाचे. पहिले धंद्याचे नेहमीचे, विक्रीखर्चाच्या शेजारी राहू देत. दुसरे वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षीचे भाव ठरवताना तुम्ही तो अपघात दरवर्षीचा धराल. विम्याचे पैसे आले तर ते उत्पन्नात घ्या, नुकसानीतून परस्पर वजा करू नका. काकांच्या पद्धतीत हेच करायचं तर तेवढी रक्कम खरेदी खात्यातून काढून नुकसान खात्यात न्यावी लागते, आणि ती त्याच दिवशी लिहिली नसेल तर जूनमध्ये कुणाला आठवते?

काका तुम्हाला फोनवर एक सल्ला हमखास देतील : नासलेल्या मालावरचं जीएसटी क्रेडिट परत कर. भारतात ते बरोबर आहे. २०१७च्या कायद्याचं कलम १७(५) हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या मालावर क्रेडिट देत नाही. ऑस्ट्रेलियात माल विकण्यासाठीच घेतला होता, एवढं पुरतं. नंतर तो सडला म्हणून क्रेडिट परत करावं लागत नाही. तांदूळ, पीठ, डाळी, भाजी यांवर इथे जीएसटी मुळातच नाही, तेव्हा हा प्रश्न तुमच्या फरसाणापुरताच उरतो.