रोजची पोटफुगी आणि अर्ध्या पोळीत भरणारं पोट

पोट फुगलं की आपल्याकडे निदान आणि उपचार दोन्ही घरातच होतात. ओवा, हिंग, जेवणानंतर कोमट पाणी, हरभऱ्याची डाळ बंद. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागतं आणि त्यात काही चूक नाही. हा लेख त्या थोड्या वेळांबद्दल आहे जेव्हा ते भागत नाही, आणि तरीही महिनोन्महिने 'गॅस' हेच नाव चालू राहतं. पन्नाशीच्या आसपासच्या बाईला अलीकडेच सुरू झालेली, जवळजवळ रोजची पोटफुगी असेल आणि दोन घास खाल्ल्यावर पोट भरल्यासारखं वाटत असेल, तर अंडाशयाचा कर्करोग नाही ना, हे तपासून घ्यायला हवं.

अंडाशय ओटीपोटात खोलवर असतात, मग त्रास वर जठरापाशी का जाणवावा? या कर्करोगाचा जो प्रकार सर्वात जास्त आढळतो, त्याची सुरुवात पुष्कळदा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकापाशी होते, असं आता मानलं जातं. हे टोक पोटाच्या पोकळीत उघडतं. त्यामुळे तिथून सुटलेल्या पेशींना रक्तातून लांबचा प्रवास करावा लागत नाही. पोटाच्या आत अवयवांभोवती नेहमीच थोडा द्रव फिरत असतो, त्याच्याबरोबर त्या सगळीकडे पसरतात आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर रुजतात. त्यांची आवडती जागा म्हणजे ओमेंटम, जठरापासून आतड्यांवर पदरासारखा लोंबणारा चरबीचा पडदा. हा पडदा जाड आणि कडक होऊ लागतो. त्याच वेळी गाठींमुळे अस्तरातल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, आणि तो द्रव शोषून नेणाऱ्या बारीक नलिका पेशींनी तुंबतात. पोटात पाणी साठतं. जठराला फुगायला जागा उरत नाही, म्हणून अर्ध्या पोळीत पोट भरतं. मूत्राशयावर दाब येतो, म्हणून सारखं लघवीला जावंसं वाटतं. आतड्यांची हालचाल मंदावते आणि मग खरोखरच थोडा गॅसही होतो!

म्हणून 'गॅस आहे का नाही' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. त्रास कसा वागतो ते बघा. साध्या गॅसने फुगलेलं पोट दिवसभरात वरखाली होतं. सकाळी सपाट, संध्याकाळी फुगलेलं, वारा सरला की हलकं. जेवणाशी त्याचं नातं दाखवता येतं. आपण बोलतोय ती फुगी सकाळीही असते, आठवड्यांमागून आठवडे टिकते आणि हळूहळू वाढते. हातपाय बारीक होतायत पण पॅन्टचं बटण लागत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं चिन्ह आहे.

ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने 2011 साली डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली, तिने यासाठी एक मोजमाप दिलं. पोटफुगी, लवकर पोट भरणं किंवा भूक मरणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई, यांपैकी काहीही सतत किंवा वारंवार, विशेषतः महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असेल, आणि बाई पन्नाशीची किंवा पुढची असेल, तर तपासणी करायची. याच मार्गदर्शिकेतली आणखी एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच 'इरिटेबल बॉवेल'सारखी लक्षणं दिसू लागली, तरी ही तपासणी करावी, कारण तो आजार या वयात पहिल्यांदा सुरू होणं विरळाच.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे कल्पित आहेत. लेस्टरमध्ये राहणाऱ्या 54 वर्षांच्या एक बाई, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. चार महिने पोट फुगतंय. सुट्टीत पुण्याला गेल्या असताना एन्डोस्कोपी करून घेतली, ती स्वच्छ आली, आणि सगळे निर्धास्त झाले. इथे थांबायला हवं. एन्डोस्कोपीचा कॅमेरा जठर आतून पाहतो. बाहेरून कोण दाबतंय ते त्याला दिसत नाही. पॅप स्मिअरचंही तसंच आहे, ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची असते, अंडाशयाबद्दल ती काहीच सांगत नाही.

परत आल्यावर त्या जीपीकडे जातात. पोटात गाठ किंवा पाणी हाताला लागलं, तर जीपीने थेट तातडीने तज्ज्ञांकडे पाठवायचं असतं. तसं काही लागलं नाही, म्हणून रक्ताची सीए-125 चाचणी होते. 35 किंवा त्याहून जास्त आकडा आला तर पोट आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. या बाईंचा आकडा 86. सोनोग्राफीत दिसलं की गाठीत घन भाग आहे आणि पोटात थोडं पाणी आहे. मग एक साधा गुणाकार करतात. सोनोग्राफीत संशयास्पद गोष्ट एक असेल तर 1 गुण, दोन किंवा जास्त असतील तर 3. पाळी गेलेली असेल तर 3, नसेल तर 1. म्हणजे 3 × 3 × 86 = 774. हा आकडा 250 किंवा त्याहून जास्त असला, की अंडाशयाच्या कर्करोगाचं काम करणाऱ्या खास गटाकडे पाठवतात. 774 म्हणजे कर्करोग सिद्ध झाला असं नव्हे, ते गाठीचा तुकडा तपासल्यावरच कळतं. पण 'बघू महिनाभर' म्हणायची वेळ मात्र निघून गेली.

सीए-125 वर डोळे झाकून विसंबू नका. एन्डोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, यकृताचे आजार, अगदी चालू असलेली पाळी यांनीही आकडा वाढतो. उलट, रोग अंडाशयापुरता असताना सुमारे निम्म्या स्त्रियांत तो नॉर्मल येतो. म्हणून आकडा नॉर्मल आला आणि त्रास थांबला नाही किंवा वाढला, तर पुन्हा जायचं. दुसरीकडे, काहीच त्रास नसताना दरवर्षी ही चाचणी करण्यातही अर्थ नाही. ब्रिटनमध्ये सुमारे दोन लाख स्त्रियांवर त्याचा मोठा अभ्यास झाला आणि 2021 च्या निष्कर्षांनुसार अशा चाळणी-तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, वडिलांकडच्या बाजूचंही, कारण बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो.

ही लक्षणं असलेल्या बहुतेक बायकांना कर्करोग नसतोच. पित्ताशय, थायरॉइड, बद्धकोष्ठता, गव्हाची असहिष्णुता असं दुसरं काही निघतं.

परदेशात एक अडचण भाषेचीही आहे. आपण दवाखान्यात जाऊन 'गॅस' म्हणतो आणि डॉक्टरही गॅसच लिहून घेतात. त्याऐवजी दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर खूण करा, कोणत्या दिवशी पोट फुगलं आणि कोणत्या दिवशी नेहमीचं जेवण संपलं नाही. मग डॉक्टरांना सांगा, 'चार महिन्यांपूर्वी हे नव्हतं. महिन्यात वीस दिवस पोट फुगतं. पूर्वी तीन पोळ्या जायच्या, आता एक जात नाही.' आणि सरळ विचारा की यासाठी अंडाशयाची तपासणी करायची का. अमेरिकेत असाल तर हेच गायनॅकॉलॉजिस्टला सांगा, तिथे बहुधा आतून तपासणी आणि योनीमार्गे सोनोग्राफी करतात. आई किंवा सासूबाई भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या असतील आणि ताटात अन्न टाकत असतील, तर कॅलेंडरवरच्या खुणा त्यांच्यासाठी तुम्हीच करा, कारण त्या स्वतः 'इथलं पाणी मानवत नाही' एवढंच म्हणतील.